‘कल’ने अडवलेली केळीची गाडी

रावेरहून दिल्लीच्या व्यापाऱ्याला मी मेल केला. विषय लिहिला, ‘कल की गाड़ी के बारे में’. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. हिंदीत ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही. गाडी काल भरून निघाली असं समजून त्यांनी मेल उघडलाच नाही. इकडे कापलेले घड त्यांच्या दराच्या होकारासाठी पडून राहिले.

आता विषय असा लिहितो:

```
12 जून शाम 5 तक भाव बताएँ: केला 1 ट्रक, लोडिंग 13 जून
```

मोबाईलवर विषयाचा शेवट कापला जातो, म्हणून त्यांनी करायचं काम आणि मुदत आधी. महिना अक्षरातच, कारण 12/6 काही जण 6 डिसेंबर वाचतात. जुन्या मेलला उत्तर देतानाही विषय बदलतो, नाहीतर मागच्याच गाडीचा मेल वाटतो.