फ्रीज महिन्याला किती युनिट खातो, ते घरीच कसे काढावे

मे महिन्यात इंदूरला लाइट बिल वाढलं की पहिला संशय कूलरवर आणि दुसरा फ्रीजवर जातो. कूलर निदान आपण बंद तरी करतो; फ्रीज चोवीस तास लावलेलाच असतो. मात्र त्याचा कॉम्प्रेसर चोवीस तास चालत नाही, आणि हिशेबाचं सगळं मर्म त्यातच आहे. 120 वॅट गुणिले 24 तास गुणिले 30 दिवस असं केलं तर 86 युनिट येतात. साध्या एकदारी फ्रीजचा खरा आकडा बहुधा याच्या निम्म्याच्या आसपास असतो. तो काढायला दोन गोष्टी लागतात: कॉम्प्रेसर चालताना किती वॅट ओढतो, आणि दिवसातला किती वेळ चालतो.

आधी वॅट. फ्रीजच्या मागे किंवा आत भिंतीवर चिकटवलेली पट्टी पाहा. वॅट लिहिले असतील तर तो वरचा अंदाज समजा. नुसते अँपिअर असतील तर त्यांना 230 ने गुणून वॅट म्हणू नका. मोटरच्या बाबतीत तो गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो.

खरा आकडा तुमच्या वीज मीटरकडून मिळतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काही छापलेलं असतं, म्हणजे 3200 लुकलुकींना एक युनिट. फ्रीज सोडून घरातलं सगळं बंद करा. वायफायचा डबा, टीव्हीचा प्लग आणि इन्व्हर्टरसुद्धा. कॉम्प्रेसर सुरू होऊन पाच मिनिटं जाऊ द्या, कारण सुरू होताना तो क्षणभर फार जास्त ओढतो. मग एका लुकलुकीला घड्याळ सुरू करा आणि त्यानंतरची दहावी झाली की थांबवा. समजा 120 सेकंद लागले, म्हणजे एका लुकलुकीला 12. अशा मीटरसाठी 1125 भागिले सेकंद केलं की वॅट येतात: 1125 ÷ 12 = सुमारे 94. पट्टीवर 120 असले तरी फ्रीज प्रत्यक्षात 94 ओढतोय. मीटरवर 3200 ऐवजी दुसरा आकडा असेल, तर 36,00,000 ला त्या आकड्याने भागा आणि 1125 च्या जागी ते उत्तर घ्या. कॉम्प्रेसर थांबल्यावर दिवाही जवळजवळ थांबायला हवा. नाही थांबला, तर घरात आणखी काहीतरी चालू राहिलंय.

आता वेळ. कॉम्प्रेसर सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहा. आवाज कळत नसेल तर मागे खाली कॉम्प्रेसरजवळ हलकी थरथर जाणवते. एकाच वेळेचं माप मात्र फसवं असतं. दुपारी स्वयंपाकघर तापलेलं, त्यात आमरसाचं पातेलं आत-बाहेर. पहाटे दार कुणी उघडत नाही. म्हणून दुपारी, रात्री आणि पहाटे, तिन्ही वेळा मोजा, आणि दर वेळी दोन-तीन फेऱ्यांची सरासरी घ्या.

समजा असं निघालं: दुपारी 20 मिनिटं चालू, 10 बंद, म्हणजे 67 टक्के. रात्री जेवणानंतर 18 चालू, 12 बंद, म्हणजे 60. पहाटे 14 चालू, 16 बंद, म्हणजे 47. सरासरी 58 टक्के. 94 × 24 × 0.58 म्हणजे दिवसाला सुमारे 1308 वॅट-तास, 1.31 युनिट. महिन्याला 39. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेसाठी वापर 150 युनिटांच्या आत ठेवू पाहणाऱ्या घरात याचा अर्थ असा की पाव हिस्सा एकटा फ्रीज घेतोय. जानेवारीत याच फ्रीजची सरासरी 35 टक्क्यांवर आली, तर 24 युनिटांत महिना निघेल. म्हणून मेचा आकडा बाराने गुणून वर्षाचा खर्च काढू नका.

पहाटेसुद्धा कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर दोष उन्हाचा नाही. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून गार हवा जातेय. चारी बाजूंनी तपासा. फ्रीजरमध्ये बर्फाचा जाड थर असेल तर तो वितळवून पुन्हा मोजा. फ्रीज भिंतीला अगदी टेकला असेल तर थोडा पुढे ओढा. उष्णता बाहेर टाकायला त्याला जागाच उरत नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो, त्याचे युनिट वेगळे मिळवायचे. 160 वॅटचा हीटर दिवसातून तीनदा 20 मिनिटं चालला, तर महिन्याला सुमारे 5 युनिट. मोजताना दिवा अचानक भराभर लुकलुकला तर तो बहुधा हीटर असतो. ते माप सोडून द्या.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रीजला ही रीत लागू नाही. तो गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि कमी वेगात तासन्‌तास चालतो, त्यामुळे एका क्षणाचे वॅट आणि चालू-बंदची वेळ दोन्ही निरुपयोगी ठरतात. तिथे प्लगमध्ये बसणारा छोटा युनिट-मीटर लावून पूर्ण दोन दिवसांचं रीडिंग घ्यावं आणि त्याला पंधराने गुणावं.