वाढदिवसाच्या तोंडावर आजीचं व्हॉट्सॲप उघडत नसेल, तर असं करा

छकुलीचा केक सहा वाजता कापायचा होता. साडेचारला आजीचा फोन आला, "अगं, ते उघडतच नाही. आकडे टाकून टाकून दमले मी." आदल्याच दिवशी तिला नवा फोन मिळाला होता आणि सिम जुन्यातून काढून त्यात घातलं होतं. व्हिडिओ कॉल व्हॉट्सॲपवर व्हायचा होता आणि ते तिला आत घेत नव्हतं. तुमच्या घरीही असं झालं, तर मी त्या दिवशी ज्या क्रमाने गेले, त्याच क्रमाने जा.

आधी आजीला दुसऱ्या फोनवरून बोलायला सांगा. आमची आजी शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोलली. कोड एसएमएसने आला नाही, तर तो फोन करून सांगण्याचा पर्याय ॲप देतं, आणि तुम्ही तीच लाईन अडवून बसलात तर तो फोन लागायचा कसा?

मग काहीही दाबायच्या आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचून घ्या. खरी मेख इथेच आहे. व्हॉट्सॲपला दोन कुलपं असू शकतात आणि दोन्हीकडे सहाच आकडे लागतात. पहिल्या ठिकाणी एसएमएसने आलेला कोड टाकायचा असतो. तो दर वेळी नवा असतो. दुसऱ्या ठिकाणी पिन मागतात. तो कुठूनही येत नाही, कधीतरी आपणच ठरवलेला असतो. दुसऱ्या स्क्रीनवर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असे शब्द दिसतात आणि 'पिन विसरलात का?' असा पर्याय असतो. आजीने वाचून दाखवलं, तसं लक्षात आलं की पहिलं कुलूप तिने केव्हाच उघडलं होतं. दुसऱ्यात मात्र ती तोच एसएमएसचा कोड पुन्हा पुन्हा टाकत होती. त्यात तिची चूक कसली? दोन्ही कुलपांना सहाच आकडे मागितले, तर कोणीही हेच करेल.

आजी पहिल्याच कुलपाशी अडली असेल, तर आधी नंबर तपासा. देशाचा कोड निवडल्यावर पुढे नुसता नंबर लिहायचा, सुरुवातीचा शून्य नाही. कोड सतत मागवू नका. प्रत्येक वेळी थांबायचा वेळ वाढत जातो, आणि दोन-तीन एसएमएस येऊन पडले की कुठला टाकायचा हेच कळत नाही. सर्वांत शेवटचा टाका. तो आकडा आजीने स्वतः टाकावा, तुम्हालाही सांगू नये. "मलासुद्धा सांगू नकोस," असं मी मुद्दाम म्हटलं, म्हणजे उद्या कोणी गोड बोलून मागितला तरी तिच्या तोंडून तो निघणार नाही. इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधून तिथे फोन करणंही टाळा, असे नंबर बरेचदा भामट्यांचे असतात. ॲप काढून पुन्हा टाकायचा मोहही आवरा. पिन त्याने पुसला जात नाही आणि बॅकअप नसेल तर जुन्या गप्पा, फोटो जाऊ शकतात.

पिनपाशी अडल्यास अंदाजाने आकडे टाकत बसू नका, चुका वाढल्या की तिथेही थांबावं लागतं. पिन कोणी ठरवून दिला होता ते विचारा. आजीला आठवलं, "तुझ्या आत्यानेच केलं होतं ना सगळं." आत्याला विचारलं, तर पिन तीही विसरली होती, पण त्या वेळी तिने स्वतःचा ईमेल दिला होता. मग आजीने 'पिन विसरलात का?' दाबून ईमेल पाठवायचा पर्याय निवडला. आत्याने आलेली लिंक उघडून टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंद केलं. आजीने पुन्हा नंबर टाकला, नवा कोड आला, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी नावांची यादी दिसू लागली.

ईमेल दिलेलाच नसेल, तर पिन नव्याने ठरवायला 7 दिवस थांबावं लागतं. त्यावर पळवाट नाही, तेव्हा त्या संध्याकाळी वेळ दवडू नका. शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांच्याच खात्यातून कॉल लावा. त्या फोनवर आजीचा नंबर नोंदवायचा नाही. किंवा नातवंडांकडे आयफोन असेल तर त्यांना फेसटाइमची लिंक पाठवायला सांगा. आजीचा फोन ॲंड्रॉइड असला तरी ती क्रोममध्ये उघडते, खातं लागत नाही.

पुढच्या वेळी फोन बदलायचा असेल, तर जुन्यात व्हॉट्सॲप चालू आहे तोवरच त्याच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन उघडा. तिथे पिन बदलता येतो आणि ईमेलही देता येतो. आजीने नवा पिन औषधांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलाय, शेजारी मोठ्या अक्षरांत: "हा एसएमएसचा नाही, माझा."

सहाला छकुलीने मेणबत्त्या विझवल्या, तेव्हा आजी स्क्रीनच्या इतकी जवळ होती की आम्हाला फक्त तिचं कपाळ आणि चष्म्याची वरची कड दिसत होती.