स्टिरिओत सोळाच वॉट असतील तर स्पीकर कोणता घ्यायचा

परभणीत वसमत रोडवर गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मी कामाला लागलो, तेव्हा आयटीआयमुळे वायरिंग मला नीट येत होतं. स्पीकर म्हणजे दोन वायरी जोडायच्या, एवढीच माझी समजूत होती. ती पहिल्याच उन्हाळ्यात एका गाडीने मोडली. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलायचे, हे काम नव्या मुलाच्या हातात सगळ्यात आधी येतं. म्हणून त्या एका गाडीचंच सगळं सांगतो.

गाडी गंगाखेडच्या एका सरांची होती, छोटी हॅचबॅक. दुसऱ्या शहरातल्या दुकानातून त्यांनी पुढच्या दारांसाठी महागडा कंपोनंट सेट बसवून आणला होता, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, ट्वीटर, वेगळा असलेला. जाड रबरी कडा, वजनदार मॅग्नेट, खोक्यावर १०० वॉट आरएमएस. सर म्हणाले, "कामून की, पण आधीच्या कागदी स्पीकरपेक्षा आवाज कमीच येतोय. पैसे तर पाचपट गेले." मी सगळी जोडणी तपासली. धन-ऋण बरोबर होतं, वायर कुठे दबलेली नव्हती. मला दोष सापडेना.

मालकांना आम्ही मामा म्हणायचो. मामांनी स्पीकरला हातही लावला नाही. त्यांनी आधी विचारलं, "स्टिरिओ किती वॉटचा?" मी वर छापलेलं वाचून दाखवलं, ५० वॉट × ४. मामा म्हणाले, "मागचा फ्यूज बघ." तो दहा अँपिअरचा निघाला. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले १० म्हणजे स्टिरिओच्या आत जाणारी वीजच १४० वॉट, आणि त्यातला मोठा भाग उष्णता होऊन जातो. मग चार वाहिन्यांतून २०० वॉट सतत बाहेर पडणार कुठून? ५० हा आकडा क्षणभराच्या आणि फाटलेल्या आवाजातल्या शिखराचा असतो. व्होल्टेज वाढवणारी सोय अशा स्टिरिओत नसते, त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात १५ ते २० वॉटच मिळतात. हिशेबाला सोपं म्हणून मामा १६ धरायचे, मीही तेच धरतो.

आता सरांच्या स्पीकरवरचे १०० वॉट बघा. स्पीकर न जळता किती सोसेल, एवढंच तो आकडा सांगतो. आवाज किती निघेल हे त्यात नाही. ते सांगणारा आकडा खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, सेन्सिटिव्हिटी नावाने. एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल, असा त्याचा अर्थ. सरांच्या सेटवर तो ८६ होता. जुन्या कागदी स्पीकरवर काहीच छापलेलं नव्हतं, म्हणून मामांनी मला तो मोजायला लावला.

मोजायची पद्धत साधी आहे आणि मी आजही तीच वापरतो. एका दारात जुना स्पीकर, दुसऱ्या दारात नवा. पिंक नॉइज म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा एकसारखा सरसर आवाज, तो लावायचा. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप सुरू करून मागच्या सीटच्या बरोबर मध्ये फोन ठेवायचा. आवाजाचा आकडा हलवायचा नाही, फक्त बॅलन्स पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे न्यायचा. मोबाइल खरे डेसिबल अचूक सांगत नाही, पण दोन वाचनांतला फरक कामापुरता बरोबर निघतो. मात्र स्पीकर दारात बसवूनच मोजा. मोकळा धरला तर पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते, आणि खालचा आवाज नाहीसा होतो.

जुना स्पीकर सहा डेसिबलने पुढे निघाला. दोन्ही ४ ओहमचे होते, म्हणजे जुना साधारण ९२ चा. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते, हे एक लक्षात ठेवलं की बाकी बोटांवर येतं. १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, म्हणजे चार वेळा दुप्पट, बारा डेसिबल. जुना स्पीकर १६ वॉटवर ९२ अधिक १२, म्हणजे १०४ पर्यंत जायचा. नवा ८६ अधिक १२, म्हणजे ९८ वरच थांबायचा. त्याला १०४ ला न्यायचं तर आणखी दोनदा दुप्पट, म्हणजे ६४ वॉट हवेत, आणि ते त्या स्टिरिओत नव्हतेच. दोष ना जोडणीत होता, ना स्पीकरमध्ये. तो सेट वेगळ्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेला होता. जड कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, आणि जाड रबर खालचे सूर छान देतात, पण हलायला ताकद मागतात. कंपनीचा हलका कागद थोड्या विजेत हलतो.

असं झालं की गिऱ्हाईक आवाज वाढवत नेतं, आणि स्टिरिओ शेवटच्या टप्प्यात फाटायला लागतो. गाणारा बाईचा आवाज असेल तर 'स' आणि 'च' कानाला टोचायला लागतात, ही त्याची पहिली खूण. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची वीज वाढते, आणि तसंच वाजवत राहिलं तर १०० वॉटच्या सेटचाही ट्वीटर १६ वॉटच्या स्टिरिओवर जळू शकतो.

पुढची चूक माझी. मामा दोन दिवस गावाला गेले होते आणि सरांना घाई होती. जास्त सेन्सिटिव्हिटी हवी एवढं मला कळलं होतं, म्हणून मी ९३ लिहिलेले कोॲक्सियल, म्हणजे मधोमधच ट्वीटर असलेले स्पीकर, बसवले. कंपोनंटपेक्षा आवाज चांगलाच वाढला. सर खूश होऊन गेले आणि मे महिन्यात परत आले. परभणीला दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश होते. अर्धा तास मोठ्याने वाजवलं की आवाज गपकन बंद पडायचा, आणि गाडी सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू व्हायचा.

मामांनी स्पीकरचा कपलर काढला आणि मीटरची दोन टोकं लावली. आधी टोकं एकमेकांना टेकवून वायरीचा स्वतःचा रोध बघितला आणि तेवढा वजा केला. वाचन १.८ ओहम. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यान दाखवतो, कारण मीटर फक्त गुंडाळीच्या तारेचा रोध मोजतो. १.८ म्हणजे स्पीकर २ ओहमचा. खोक्यावर ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

९३ हा आकडाही त्याच खोक्यावर २.८३ व्होल्टला दिलेला होता. २.८३ व्होल्ट ८ ओहमच्या स्पीकरमध्ये १ वॉट टाकतात, ४ ओहममध्ये २ आणि २ ओहममध्ये ४ वॉट. म्हणजे तो ९३ एका वॉटचा नव्हताच, चार वॉटचा होता. एका वॉटला आणायचं तर सहा वजा, उरले ८७. आवाज वाढला होता तो स्पीकर सरस म्हणून नाही, तर तो स्टिरिओतून दुप्पट करंट ओढत होता म्हणून. ८ व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर २ अँपिअर घेतो, २ ओहमचा ४ अँपिअर. तो स्टिरिओ ४ ओहमसाठीच बनवलेला, त्यात डॅशबोर्डच्या आत उन्हाने तापलेली हवा. आतली आयसी तापली की स्वतःला वाचवायला आवाज तोडते.

त्यातच आणखी एक गोष्ट होती, आणि ती मीटरला दिसत नाही. त्या गाडीत डॅशबोर्डवर कंपनीचे वेगळे ट्वीटर होते, दाराच्याच वायरीला समांतर जोडलेले. त्यांच्या मागे छोटा कपॅसिटर असतो. तो मीटरची डीसी अडवतो, म्हणून वाचनात ट्वीटर येतच नाही. पण वरच्या पट्टीत ट्वीटरचे ४ ओहम आणि स्पीकरचे २ ओहम एकत्र येऊन दीड ओहमच्याही खाली जात होते. दारात कोॲक्सियल बसवताना डॅशवर ट्वीटर आहे का, हे आधी बघा. असेल तर त्याचा कपलर काढून इन्सुलेशन टेप लावून बांधून ठेवा, कारण कोॲक्सियलला स्वतःचा ट्वीटर असतोच.

तिसऱ्या वेळी निवड मामांनी माझ्याकडूनच करवून घेतली. ४ ओहम, ९१ डेसिबल आणि शेजारी स्पष्ट एक वॉट-एक मीटर, सोसायची क्षमता ४० वॉट आरएमएस. १६ च्या स्टिरिओला ती भरपूर झाली. ९१ अधिक १२ म्हणजे १०३, जुन्या स्पीकरपेक्षा एकच कमी. सर ऐकायचे भावगीतं आणि कीर्तन, त्यामुळे खालच्या सुरांसाठी जड कोनाची गरजच नव्हती. ढोल-ताशा आणि डीजेची गाणी लागणारं गिऱ्हाईक असतं, तर मी हा स्पीकर देऊन वेगळ्या सबवूफरबद्दल बोललो असतो.

मापाचं काम उरलं. साडेसहा इंचाचा स्पीकर म्हटला तरी त्यावरून फक्त तोंडाचा अंदाज येतो. काच पूर्ण खाली घ्या आणि दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली पट्टीने मोजा. आम्हाला ५८ मिलिमीटर मिळाली, स्पीकरला ६२ हव्या होत्या. कंपनीचा स्पीकर रिव्हेटने बसवलेला होता आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यातच उंची दिलेली होती, म्हणून तो काचेला लागत नव्हता. आम्ही १२ मिलिमीटरची प्लॅस्टिकची रिंग टाकली. एमडीएफची स्वस्त पडते, पण दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतं आणि ती फुगते. रिंगने स्पीकर पुढे येतो, म्हणून मधला ट्वीटर डोअर पॅडच्या जाळीला घासत नाही ना हे बघायला त्यावर लेकरांच्या खेळातल्या क्लेचा गोळा ठेवून पॅड दाबलं. गोळा ४ मिलिमीटरपर्यंत चपटा झाला, म्हणजे तेवढी जागा शिल्लक होती. रिंगच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी लावली, कारण फटीतून हवा पळाली की खालचा आवाज जातो. दारावरचा प्लॅस्टिकचा कागदही परत नीट चिकटवला.

पॅड लावायच्या आधी डावं दार नवं, उजवं जुनं असं ठेवून बॅलन्स पुन्हा फिरवला. मोबाइलवर फरक एकाचा आला. मग उजवं दारही केलं, गाडी उन्हात उभी करून पाऊण तास मोठ्याने वाजवत ठेवली, आणि आवाज तुटला नाही तेव्हाच सरांना फोन केला.