व्हिसा 2029 पर्यंत, मग मुक्काम चार दिवस लांबला तर काय बिघडलं? या चुका टाळा

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा हातात पडला की लोक त्यावरची शेवटची तारीख पाठ करतात आणि तीच मुक्कामाची मुदत धरून चालतात. ती तारीख फक्त दारापर्यंत जाण्याची आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ते आय-94 नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. आता कुणी परतीचं तिकीट दाखवायला आलं, की मी आधी आय-94 मागते.

ही नोंद i94.cbp.dhs.gov वर पासपोर्ट नंबर टाकून मिळते. तिथे Admit Until Date पाहा. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण मिळतीलच असं नाही. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर अधिकारी मुक्कामाची तारीखही तिथपर्यंतच देऊ शकतो. माझी सवय अशी, की उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांत हे पान उघडायचं, त्याची प्रिंट काढायची आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधीचं ठेवायचं. शेवटच्या दिवसाचं तिकीट काढणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. फ्लाइट रद्द झाली की मुदत ओलांडलीच.

दुसरी चूक मात्र फार महागात पडते. लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, की 180 दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहिलं तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं बंदी येते. ते खरं आहे. त्यावरून ते ठरवून टाकतात, की 180 दिवसांच्या आत सगळं माफ. तसं अजिबात नाही. मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी ज्या व्हिसावर आत आलात तो अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या 222(जी) कलमाखाली आपोआप बाद होतो. पत्र येत नाही, पासपोर्टवर शिक्काही बसत नाही. व्हिसा दिसायला जसाच्या तसा, 2029 पर्यंतचा.

माझ्या मैत्रिणीच्या सासू-सासऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ते 10 एप्रिलला पोहोचले, मुदत मिळाली 9 ऑक्टोबरपर्यंत. नातवाच्या बारशासाठी थांबले आणि 13 तारखेला निघाले. जाताना कुणी अडवलं नाही, कारण अमेरिका बाहेर पडताना शिक्का मारत नाही. पण विमान कंपनीकडून प्रवाशांची यादी सरकारकडे जातेच. दोन वर्षांनी ते त्याच व्हिसावर पुन्हा गेले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने स्क्रीन पाहिली आणि दोघांना आतल्या खोलीत नेलं. तासन्‌तास प्रश्न झाले, व्हिसा रद्द झाला आणि परतीच्या विमानात बसवलं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्यांना प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ दिला. हद्दपारीचा आदेश निघाला असता तर पाच वर्षांची बंदी आली असती.

पुढे नवा व्हिसा मागायची वेळ आली, तेव्हा एका एजंटने सल्ला दिला, ‘चारच दिवस होते, फॉर्ममध्ये नाही लिहा.’ अशा सल्ल्यांचा मला मनापासून संताप येतो. डीएस-160 फॉर्ममध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिला होतात का, हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. चार दिवस जास्त राहिल्याने नुसता व्हिसा जातो. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं पकडलं गेलं तर कायमची अपात्रता येते आणि त्यातून सुटायला वेगळी माफी मागावी लागते. मैत्रिणीने ‘हो’ लिहायला लावलं. सोबत दोन्ही तारखा, कारण आणि तिकिटाची प्रत असं एक पानी पत्र तयार केलं. मुलाखतीत सासऱ्यांनी तेच सांगितलं, सारवासारव केली नाही. व्हिसा मिळाला. दर वेळी मिळेलच असं नाही, कारण मायदेशी परत येण्याचा इरादा पटवून देणं अर्जदारावरच असतं आणि जुनी नोंद तिथे आड येते.

मुक्काम खरंच वाढवायचा असेल तर आय-539 अर्ज मुदत संपण्याच्या आत दाखल करा आणि पोचपावती जपून ठेवा. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाचा सहसा उपयोग होत नाही. अर्ज नामंजूर झाला तर लगेच निघा.

पासपोर्ट नवा काढला म्हणून जुनी नोंद पुसली जात नाही.

युरोपच्या शेंगेन व्हिसावर 90 दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, आणि आलेला व गेलेला, दोन्ही दिवस धरले जातात.

आजारपणामुळे अडकलात तर डॉक्टरांचं तारखेसह पत्र तिथेच घ्या आणि फ्लाइट रद्द झाली तर विमान कंपनीकडून लेखी घ्या. व्हिसा त्याने वाचत नाही, पण पुढच्या मुलाखतीत दाखवायला तेवढाच कागद हाताशी असतो.