ज्युरीसमोर डिझाइन मांडताना या चुका टाळा

आर्किटेक्चरच्या स्टुडिओत आठ-दहा आठवडे केलेले काम ज्युरीसमोर मांडायला विद्यार्थ्याला साधारण दहा ते पंधरा मिनिटे मिळतात, आणि त्यातलाही अर्धा वेळ प्रश्नांना जातो. या थोड्या वेळात होणाऱ्या चुका बहुतेकदा डिझाइनच्या नसतात. शीट वाचता येत नाही, बोलण्याचा क्रम चुकतो, किंवा एखादा तिखट शेरा ऐकल्यावर विद्यार्थी शेऱ्याला उत्तर देत बसतो आणि त्यामागचा प्रश्न तसाच राहतो. यांपैकी तिसरी चूक सर्वांत महागात पडते, म्हणून या लेखात तिला अधिक जागा दिली आहे.

चर्चेसाठी तिसऱ्या वर्षाचा एक विषय घेऊ: चिपळूण शहरात दोन मजली सार्वजनिक वाचनालय. वाशिष्ठी नदीला जुलै 2021 मध्ये आलेल्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, त्यामुळे येथे काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाण्याचा विचार करावाच लागतो. समजा, आपल्या विद्यार्थिनीने जोते 1.2 मीटर उंच घेतले आहे, पुस्तकांचे स्टॅक पहिल्या मजल्यावर नेले आहेत, आणि तळमजल्यावर वर्तमानपत्रांचा कक्ष, मुलांचा विभाग व सभागृह ठेवले आहे. प्रवेशाशी पायऱ्यांच्या शेजारी 6 मीटर लांबीचा रॅम्प काढला आहे.

सुरुवातच चुकते ती कन्सेप्टने. पाने, लाटा, उलगडणारे पुस्तक अशा प्रतिमांवर पहिली चार मिनिटे जातात, आणि तोवर परीक्षकांची नजर प्लॅनवर फिरून प्रवेश, उत्तर दिशा आणि जिने शोधू लागलेली असते. बोलणे एकीकडे आणि नजर दुसरीकडे, अशी स्थिती आली की पुढचे प्रश्न तुटकच येतात. त्याऐवजी पहिल्या दीड-दोन मिनिटांत साइट कुठे आहे, रस्ता व नदी कोणत्या बाजूला आहेत, माणूस आत कुठून येतो आणि या जागेवर तुम्ही सोडवायला घेतलेला मुख्य प्रश्न कोणता, एवढेच साइट प्लॅनवर बोट ठेवून सांगावे. आपल्या उदाहरणात ते वाक्य सरळ आहे: पूर आला तरी पुस्तके सुरक्षित राहावीत आणि पाणी ओसरल्यावर वाचनालय लवकर पुन्हा उघडता यावे. एकदा हे सांगितले की परीक्षक पुढचा प्रत्येक प्लॅन याच कसोटीवर पाहतात, आणि प्रश्नही त्याच दिशेने येतात.

शीटच्या बाबतीत नेहमी दिसणाऱ्या उणिवा थोडक्यात सांगतो. स्केल आणि उत्तर दिशा नसणे, प्लॅनवर लेव्हल न लिहिणे, मॉडेल टेबलावर प्लॅनच्या उलट्या दिशेने ठेवणे, आणि थोडे लांब उभ्या असलेल्या माणसाला वाचता न येणारी अक्षरे, या सगळ्या गोष्टी आदल्या संध्याकाळी शीट भिंतीवर लावून दोन मीटरवरून पाहिल्या की दुरुस्त करता येतात. मात्र सेक्शनची गोष्ट वेगळी आहे, कारण ती नजरेने दुरुस्त होत नाही. बरेच विद्यार्थी सेक्शन सोप्या जागेतून कापतात, जिथे दोन सरळ खोल्या आणि एक सपाट स्लॅब येतो. ज्या जागी डिझाइनची कसोटी लागते तिथूनच सेक्शन कापायला हवा. या वाचनालयात तो रस्ता, रॅम्प, प्रवेशद्वार, तळमजला आणि वरचे स्टॅक यांना एकाच रेषेत घेऊन नदीच्या बाजूला बाहेर पडला पाहिजे, आणि त्यावर 2021 च्या पाण्याची पातळी एका रेषेने दाखवली पाहिजे. ती रेषा स्थानिक रहिवाशांना विचारून आणि भिंतींवरच्या खुणा पाहून साइट व्हिजिटमध्येच मिळवायची असते. शीट करायला बसल्यावर अंदाजाने काढलेली रेषा पहिल्याच प्रश्नात कोसळते.

आता तिखट शेऱ्याकडे वळू. परीक्षक पुढे येतात, रॅम्पवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा रॅम्प आहे की घसरगुंडी?" मागे बसलेली मुले हसतात. या क्षणी विद्यार्थ्यांकडून तीन प्रकारची उत्तरे येतात. "सर, तो फक्त दाखवण्यापुरता आहे." "वेळ कमी पडला." "गाइड मॅडमनी असाच ठेवायला सांगितला होता." पहिल्या उत्तराने शीटवरच्या बाकीच्या रेषांवरचाही विश्वास उडतो, दुसऱ्याने चर्चा थांबते, आणि तिसऱ्याने उपस्थित नसलेल्या किंवा शेजारीच बसलेल्या शिक्षिकेवर दोष ढकलला जातो. या तिन्ही उत्तरांत रॅम्पविषयी काहीही सांगितलेले नाही.

शेऱ्यातली धार बाजूला केली की आत एक साधे मोजमाप उरते. 1.2 मीटर चढण्यासाठी 6 मीटर लांबी म्हणजे 1:5 चा उतार. व्हीलचेअरसाठी 1:12 धरायचा असतो, म्हणून लांबी 14.4 मीटर हवी, आणि एवढ्या लांबीत मध्ये किमान एक सपाट टप्पा येतो, तो धरून साधारण 16 मीटर. ही वस्तुस्थितीची चूक आहे आणि वस्तुस्थितीच्या चुकीवर वाद नसतो. एक श्वास घेऊन, शीटकडे पाहून विद्यार्थिनीने म्हणावे: "बरोबर आहे, सर. 1:12 ने सोळा मीटरच्या आसपास लांबी लागेल. तो उत्तरेच्या भिंतीला लागून दोन टप्प्यांत वळवता येईल, पण मग प्रवेशासमोरचा पार कमी होतो." एवढ्या उत्तरात कबुली आहे, आकडा आहे, आणि बदलाची किंमतही आहे. आवाज शांत ठेवायला यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, कारण लक्ष परीक्षकांच्या चेहऱ्यावरून उठून ड्रॉइंगवर गेलेले असते.

मात्र सगळीच टीका या जातीची नसते, आणि सर्व टीकेला एकच उत्तर देणे ही मोठी चूक आहे. त्याच ज्युरीत दुसऱ्या परीक्षक विचारतात, "पुस्तकं वर नेलीस, मग म्हाताऱ्या वाचकांनी रोज जिना चढायचा का?" इथे काही चुकलेले नाही; हा विद्यार्थिनीने घेतलेला निर्णय आहे आणि त्याचे कारण मागितले जात आहे. अशा वेळी "हो मॅडम, बदलते" असे म्हणून माघार घेणे हे उद्धटपणाने वाद घालण्याइतकेच वाईट, कारण त्यातून निर्णय विचार न करताच घेतला होता असे दिसते. उत्तर असे असावे: पूर आल्यावर पुस्तके हलवायला वेळ मिळत नाही म्हणून संग्रह वर आहे, रोज येणाऱ्या ज्येष्ठ वाचकांची वर्तमानपत्रे व नियतकालिके खाली आहेत, मागवलेले पुस्तक खालच्या काउंटरवर आणून देण्याची सोय आहे आणि लिफ्टही आहे. लगेच पुढचा प्रश्न येऊ शकतो तो वजनाचा. भारतीय मानकांनुसार पुस्तकांच्या स्टॅकसाठी 2.2 मीटर उंचीपर्यंत प्रति चौरस मीटर 6 किलोन्यूटन भार धरतात, आणि पुस्तकांचा साठा वेगळा असलेल्या वाचनकक्षासाठी 3. म्हणजे जड भाग वर गेला आहे, तेव्हा त्याखाली सभागृहाचा मोठा खांबविरहित स्पॅन येत असेल तर तो प्रश्न खराच आहे. स्टॅक मुलांच्या विभागावर आणि मोकळा वाचनकक्ष सभागृहावर, एवढी अदलाबदल प्लॅनवर आधीच केलेली असेल तर उत्तर तयारच असते.

तिसरी जात आवडीनिवडीची. "एलिव्हेशन फार कंटाळवाणं आहे," असा शेरा आला तर त्याला मान्यताही देता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. इथे उलट प्रश्न विचारणे योग्य, फक्त तो नेमका हवा: "सर, खिडक्यांची पुनरावृत्ती खटकते आहे की छताची रेषा?" बहुतेक परीक्षक मग जागा दाखवतात, आणि शेऱ्याला पकडता येईल असा आकार येतो. दोन परीक्षकांची मते परस्परविरुद्ध असतील तर कुणाची बाजू घेऊ नये. दोन्ही मते नोंदवून आपला निर्णय कोणत्या कारणाने घेतला तेवढे सांगावे.

शांत राहणे म्हणजे गप्प राहणे नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. शेरा कामाला सोडून विद्यार्थ्याच्या भाषेवर, गावावर किंवा लिंगावर गेला, तर त्याला त्या जागी उत्तर देण्याचे बंधन नाही. "मी डिझाइनविषयीच्या प्रश्नांना उत्तर देते," एवढे म्हणून पुढच्या शीटकडे जावे आणि नंतर स्टुडिओ समन्वयकांशी बोलावे. ज्या महाविद्यालयात अशी तक्रार सहज करता येत नाही, तिथे ज्युरीत वर्गमित्राने शब्दशः लिहून ठेवलेली नोंद फार उपयोगी पडते.

ही नोंद एरवीही आवश्यक आहे. उभे राहून बोलणाऱ्याला स्वतःवरची टीका निम्मीच ऐकू येते, आणि जी ऐकू येते ती सर्वांत बोचरी असते, सर्वांत महत्त्वाची असेलच असे नाही. म्हणून मित्राने प्रत्येक शेरा, कोणत्या शीटवर आणि कोणत्या जागेवर, असा लिहून द्यावा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेसिंग पेपर घेऊन प्लॅनवर बसावे आणि आधी मोजून तपासता येणारे शेरे घ्यावेत.

रॅम्पपासून सुरुवात केली तर काय सापडते ते पाहा. सोळा मीटरचा रॅम्प बसवताना विद्यार्थिनीला मूळ निर्णयाकडेच जावे लागते: जोते 1.2 मीटर का? सेक्शनवरची 2021 ची रेषा जोत्याच्या खूप वरून जात असेल, तर एवढ्या उंचीने मोठा पूर अडत नाही. तळमजला भिजणारच आहे. मग तो भिजण्यासाठीच घडवलेला बरा: लाकडी पार्टिशनऐवजी धुता येणाऱ्या भिंती, विजेचे पॉइंट उंचावर, हलवता येईल असे फर्निचर. अशा वेळी जोते 450 मिलिमीटरवर आणता येते आणि रॅम्पला 5.4 मीटर पुरतात, म्हणजे आधी काढलेल्या 6 मीटरच्या जागेत तो व्यवस्थित बसतो आणि पारही वाचतो. दरवर्षीच्या साध्या पावसात रस्त्यावर साचणारे पाणी मात्र 450 पेक्षा वर येत नाही ना, हे स्थानिकांना विचारून पक्के करावे लागेल. येत असेल तर जोते तेवढे वाढवून रॅम्पची लांबी पुन्हा काढावी. जोते खाली आले की 150 मिलिमीटरच्या आठ पायऱ्यांच्या जागी तीन उरतात, सेक्शनवरची प्रत्येक लेव्हल बदलते, आणि एलिव्हेशनमध्ये इमारत रस्त्याच्या जवळ येते, त्यामुळे कंटाळवाण्या दर्शनी भागाविषयीचा शेरा या नव्या उंचीवर तपासूनच त्यावर काम सुरू करावे.