पहिलीच्या प्रवेशाची चौकशी: शाळेला काय विचारावं

शाळेच्या कार्यालयात काम करत असल्यामुळे दिवाळीनंतर माझ्याकडे पालकांच्या चौकशा सुरू होतात. बहुतेकांचं पत्र एका ओळीचं असतं: "ॲडमिशन कधी सुरू होणार? फी किती?" अशा पत्राला नेमकं उत्तर देताच येत नाही. मुलाची जन्मतारीख नाही, इयत्ता नाही, मग छापील माहितीपत्रक जोडून पाठवावं लागतं. नेमक्या प्रश्नांना नेमकी उत्तरं मिळतात, म्हणून ज्या पालकांचं पहिलंच मूल शाळेत जाणार आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात वयापासून करा. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत आणि नर्सरीसाठी तीन. ही तारीख शैक्षणिक वर्ष ज्या वर्षी सुरू होतं त्या वर्षाची धरायची. समजा, मुलीचा जन्म 14 नोव्हेंबर 2021चा आहे आणि प्रवेश 2027-28 साठी हवा आहे. 31 डिसेंबर 2027 रोजी तिचं वय सहा वर्षं, एक महिना, सतरा दिवस होतं, म्हणजे ती पहिलीला बसते. पण केंद्रीय विद्यालयात सहा वर्षं 31 मार्चपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. 31 मार्च 2027 ला हीच मुलगी सव्वापाच वर्षांच्या थोडी पुढे असेल, तेव्हा तिथे तिला वर्षभर थांबावं लागेल. बदलीच्या नोकरीतल्या पालकांची गल्लत इथेच होते. "सीनियर केजी झालंय हो तिचं" असं सांगून वयाची अट सुटत नाही. त्यामुळे पत्रात जन्मतारीख लिहा आणि वय कोणत्या तारखेला मोजता, हे शाळेला सरळ विचारा.

कागदपत्रांत अडतो तो जन्मदाखला. मुलाचं नाव ठेवण्याआधी नोंद झाली असेल तर नावाची जागा कोरी राहते आणि हे प्रवेशाच्या आठवड्यात लक्षात येतं. दाखला आजच काढून बघा. नाव नसेल तर ज्या नगरपालिकेत, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे अर्ज करून ते घालून घ्या. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंगही आधारशी ताडून पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा चढलेलं नाव किंवा जन्मतारीख पुढे बदलून घेणं फार कटकटीचं असतं. आधार अजून काढलं नसेल तर घाबरू नका. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात म्हटलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, असं शिक्षण हक्क कायदाही सांगतो.

फीबद्दल नुसतं "किती?" विचारलं की बहुधा फक्त शिक्षण शुल्काचा आकडा कळतो. सत्र शुल्क, अनामत, बस, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च जून आला की एकेक करून समोर येतो. पहिल्या वर्षी एकूण किती भरायचे, त्यातले एकदाच घेतले जाणारे कोणते, परत मिळणारे कोणते आणि प्रवेश रद्द केला तर काय परत मिळतं, एवढं लेखी मागा. देणगीची मागणी झाली तर ती कायद्यात बसत नाही. कॅपिटेशन फीवर शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी घातली आहे.

तारखांमध्ये पालक अर्ज मिळण्याची तारीख विचारतात, पण फी भरण्याची शेवटची तारीख विचारायची राहून जाते. यादीत नाव लागूनही जागा जाते ती याच कारणाने. 25 टक्के राखीव जागांमधून प्रवेश हवा असेल तर तो अर्ज शाळेत भरायचाच नाही. शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याचं वेगळं वेळापत्रक लागतं.

पत्र असं लिहिलं तरी पुरे:

"माननीय मुख्याध्यापक,
स.न.वि.वि.
माझ्या मुलीचा जन्म 14 नोव्हेंबर 2021 चा आहे. तिला 2027-28 मध्ये इयत्ता पहिलीत, मराठी माध्यमात प्रवेश हवा आहे. सध्या ती बालवाडीत आहे. आम्ही शाळेपासून तीन किलोमीटरवर राहतो. कृपया पुढील माहिती मिळावी: वय कोणत्या तारखेला मोजले जाते, कोणती कागदपत्रे मूळ दाखवायची आणि कोणत्यांच्या प्रती द्यायच्या, पहिल्या वर्षाचे सर्व शुल्क बाबींनुसार व परताव्याचे नियम, अर्ज मिळण्याची, देण्याची, यादी लागण्याची आणि शुल्क भरण्याची तारीख.
आपला विश्वासू,"

खाली नाव आणि फोन नंबर. इमेलला आठवडाभरात उत्तर आलं नाही तर याच पत्राची प्रत घेऊन कार्यालयात या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या.