तापमान झुलतंय? पीआयडीला हात लावण्याआधी या चुका टाळा

मुलांनो, डिप्लोमा करून तुम्ही प्लँटमध्ये जाल तेव्हा ‘ऑटोमॅटिक’ म्हणून दाखवलेल्या प्रत्येक मशीनला एक प्रश्न विचारा: आपण केलेल्या कामाचा परिणाम हिला कळतो का? टायमरवर चालणारा हीटर दहा मिनिटांनी बंद होतो, पण पाणी तापलं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. मोजायचं, हव्या असलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं आणि फरकाप्रमाणे हात पुढेमागे करायचा, हे चक्र पूर्ण झालं तरच मी त्या मशीनला ऑटोमॅटिक म्हणतो. हे चक्र म्हणजे फीडबॅक. बिघाड शोधताना बहुतेक चुका होतात त्या चक्राचा एकच तुकडा पाहिल्यामुळे.

डेअरीतला पाश्चरायझर घेऊ. दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं पाहिजे. तापलेलं दूध तेवढा वेळ ज्या नळीतून जातं, त्या होल्डिंग ट्यूबच्या टोकाला पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर असतो. त्याचं रीडिंग कंट्रोलरकडे जातं आणि कंट्रोलर वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो. समजा सेटपॉइंट, म्हणजे हवा असलेला आकडा, ७५ आहे आणि तापमान ७१ ते ७९ असं सारखं झुलतंय. ७२ च्या खाली गेलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध परत बॅलन्स टँककडे वळवतो आणि उत्पादन अडतं. याला आपण हंटिंग म्हणतो. हा रोग जुना आहे. वाफेच्या इंजिनांचा वेग आवरणारे गव्हर्नरही असेच झुलायचे, आणि मॅक्सवेलने १८६८ मध्ये त्याचं गणित मांडलं.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे लगेच पीआयडीचे, म्हणजे फरक दिसल्यावर कंट्रोलरने किती आणि कसा प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारे, आकडे बदलणं. काल नीट चालणाऱ्या लूपचं, म्हणजे फीडबॅकच्या या चक्राचं, ट्यूनिंग रात्रीत आपोआप बिघडत नाही. काहीतरी यांत्रिक बदललेलं असतं.

त्यामुळे आधी ऑपरेटरला सांगा, मशीन दुधाऐवजी पाण्यावर घ्या आणि कंट्रोलर मॅन्युअलवर टाका. आउटपुट नेहमीच्या सरासरीवर, समजा ४६ टक्क्यांवर, स्थिर ठेवा आणि काही मिनिटं ट्रेंड पाहा. झुलणं तरीही चालू राहिलं, तर दोष लूपच्या बाहेर आहे. बॉयलरचा दाब किंवा पंपाचा फ्लो तपासा. झुलणं थांबलं, तर लूप स्वतःच ते घडवतोय. एवढ्या एका चाचणीने अर्धी शोधाशोध वाचते.

आता दुसरी चूक. स्क्रीनवर ४६ टक्के दिसतं म्हणून व्हॉल्व्ह ४६ टक्के उघडा आहे असं मानू नका. तो आकडा हुकूम आहे. पाळला गेला की नाही, ते जाऊन डोळ्यांनी पाहायचं. एक जण कंट्रोलरपाशी, एक जण व्हॉल्व्हपाशी. आउटपुट ४७ करा, ४८ करा, ४९ करा. स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, निरोगी असेल तर प्रत्येक पायरीला थोडा सरकतो. स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबणारा ग्लँड जास्त आवळलेला असेल तर तीन पायऱ्या काहीच होत नाही, आणि मग स्टेम एकदम उडी मारतो. परत येतानाही तसंच. यालाच स्टिक्शन म्हणतात. ऑटोवर असताना काय होतं ते बघा: फरक दिसत राहतो म्हणून पीआयडीतला फरक साठवत जाणारा भाग, इंटिग्रल, आउटपुट हळूहळू वाढवत नेतो, व्हॉल्व्ह मात्र अडकलेला. तो सुटतो तेव्हा गरजेपेक्षा पुढे जातो. मग तीच गोष्ट उलट दिशेने.

अशा वेळी गेन, म्हणजे फरकाला मिळणाऱ्या प्रतिसादाचा जोर, कमी केला तर झुलणं मरत नाही, फक्त संथ होतं. ही खूण लक्षात ठेवा. दोष निव्वळ ट्यूनिंगचा असता, तर गेन पुरेसा उतरवल्यावर झुलणं विरून गेलं असतं. स्टेम अडकत असेल तर वाफ बंद करून आणि दाब उतरवूनच ग्लँडला हात घाला. व्हॉल्व्हवर स्टेमला हुकमाच्या जागी नेणारा पोझिशनर असेल तर त्याची लिंकही हलवून पाहा. ती सैल असली की पोझिशनरला स्टेमची जागा चुकीची कळते.

तिसरी चूक सेन्सरबाबतची. मल्टिमीटरने मोजलं, पीटी-१०० ने ७२ अंशांना साधारण १२७.८ ओहम दाखवले, म्हणजे सेन्सर ठीक, असं आपण म्हणतो. आकडा बरोबर असतो, पण उशिरा येत असेल तर? सेन्सर ज्या बंद नळीत बसतो त्या थर्मोवेलच्या तळाला त्याचं टोक टेकत नसेल, तर मधली हवा उष्णता अडवते. कंट्रोलर मग काही वेळापूर्वीच्या तापमानावर निर्णय घेतो आणि हंटिंग सुरू होतं. सेन्सर बदलला आणि नवा आखूड निघाला, तर नेमकं हेच घडतं. म्हणून बदलताना लांबी मोजा.

तापमान झुलत नसून एका टोकाला धावत असेल, तर मात्र कंट्रोलरची अॅक्शन उलटी लागलेली नाही ना, ते बघा. हवेने उघडणाऱ्या वाफेच्या व्हॉल्व्हला रिव्हर्स अॅक्शन लागते, म्हणजे तापमान वाढलं की आउटपुट कमी व्हायला हवं.

आणि पीआयडीचे मूळ आकडे काहीही करण्याआधी वहीत उतरवून घ्या. तुमच्या आधी कोणीतरी गेन कमी करून ठेवलेला असेल, तर ग्लँड सुटल्यावर तो पुन्हा वर न्यावा लागेल. नाहीतर थंड दुधाचा लोट आला की तापमान ७२ च्या खाली घसरेल, आणि व्हॉल्व्ह नीट असूनही दूध वळवलं जाईल.